टीव्हीवरची ‘डील’ : मराठीत ‘झाली’ लिहायचं की ‘ठरली’?

तालुका वार्ताहर, मोर्शी : आमच्या तालुक्यातली एक संत्रा प्रक्रिया करणारी कंपनी गुंतवणूकदारांच्या टीव्ही कार्यक्रमात दिसली. दोन गुंतवणूकदारांनी मिळून 8 टक्के हिश्श्यासाठी 40 लाख आणि शिवाय 20 लाखांचं कर्ज द्यायचं कबूल केलं, हात मिळवले, टाळ्या झाल्या. सकाळपासून गावातल्या सगळ्या ग्रुपांवर ‘60 लाखांची गुंतवणूक मिळाली’ असं फिरतंय. मला उद्या बातमी द्यायची आहे. ‘डील झाली’ हे मराठीत कसं लिहावं? सौदा, करार, व्यवहार हे शब्द मला एकसारखे वाटत नाहीत आणि चुकीचा शब्द छापला तर बातमीच खोटी ठरेल.

निवृत्त मराठी शिक्षक, वर्धा : ‘करार’ लिहा. करार कागदावरच असावा लागतो हा गैरसमज आहे. 1872 चा करार कायदा तोंडी करारही मानतो. इथे तर देशभरातल्या प्रेक्षकांसमोर एकाने देऊ केलं आणि दुसऱ्याने स्वीकारलं. ‘सौदा’ला उगीच घासाघीस केल्याचा वास येतो. नव्या पोरांच्या उद्योगाला तो शब्द शोभत नाही.

संत्रा बागायतदार, वरूड : सर, सौद्याले नावं नका ठेवू. आमच्याकडे आंबिया बहाराचा बगीचा झाडावरच इकते. व्यापारी येते, झाडं पाह्यते, भाव बोलते अन् इसार देऊन जाते. तवा आमी म्हणतो ‘सौदा ठरला’. ‘झाला’ नाई म्हणत. तोडणी होऊन पैसा हाती पडला का मंग झाला. भाव पडला तं तोच व्यापारी तिकडून फिरकतही नाई. तुमच्या टीव्हीवाल्यानं तं इसारही देला नाई, खाली हात देला. मंग तो झाला कसा?

कंपनी सचिव, अमरावती : वरूडच्या भाऊंनी नेमकी जागा पकडली. सर, तोंडी करार कायद्याला मान्य आहे हे बरोबरच, पण इथे मुळात बिनशर्त शब्दच दिलेला नसतो. कार्यक्रमात दिसतो तो होकार पुढच्या तपासणीवर अवलंबून असतो. उद्योजक स्टेजवर विक्री, नफा, कर्ज याचे आकडे तोंडी सांगतो. नंतर गुंतवणूकदाराची माणसं जीएसटीची विवरणपत्रं, बँकेची खाती, ट्रेडमार्क कोणाच्या नावावर आहे, भागीदारांत वाद आहे का, हे सगळं बघतात. त्यात काही वेगळं निघालं तर हिस्सा बदलतो, रक्कम बदलते किंवा विषय तिथेच संपतो. उलटही होतं. भाग दाखवल्यावर विक्री वाढते आणि मग उद्योजकालाच इतक्या स्वस्तात हिस्सा द्यावासा वाटत नाही. म्हणून मी ‘करार’ लिहिणार नाही. ‘सौदा ठरला’ चालेल.

वार्ताहर भाऊ, शब्दाचं भांडण मिटवायचा याहून पक्का मार्ग म्हणजे पैसे आले का ते बघा. कंपनी खासगी मर्यादित असेल तर ते कोणालाही बघता येतं.

विद्यार्थी, यवतमाळ : इतकं कशाला? ‘शार्क टँक इंडिया’च्या पहिल्याच पर्वात मालेगावच्या जुगाडू कमलेशला पीयूष बन्सलने 30 लाख गुंतवले ना. सगळ्यांना माहीत आहे. टीव्हीवर सगळं स्पष्ट दिसतं.

कंपनी सचिव, अमरावती : दिसतं, पण आपण ते नीट ऐकत नाही. त्या भागात ठरलं ते असं : 40 टक्के हिश्श्यासाठी 10 लाख आणि वेगळे 20 लाख बिनव्याजी कर्ज. ‘30 लाखांची गुंतवणूक’ म्हटलं की 40 टक्क्यांना 30 लाख असं वाटतं आणि कंपनीची किंमत 75 लाख निघते. खरं तर 10 लाखांना 40 टक्के, म्हणजे 25 लाख. कर्ज बिनव्याजी असलं तरी ते परत करायचं असतं. हिश्श्याचा पैसा परत करायचा नसतो, त्याच्या बदल्यात मालकी जाते. मोर्शीच्या बातमीतही ‘60 लाखांची गुंतवणूक’ हीच गल्लत आहे. गुंतवणूक 40 लाखांची आणि कर्ज 20 लाखांचं, असं वेगवेगळंच लिहावं.

वार्ताहर, मोर्शी : बघायचं कुठे ते सांगा, ताई. मी कंपनीच्या नावाने शोधलं तर काहीच सापडलं नाही.

कंपनी सचिव, अमरावती : टीव्हीवर घेतात ते ब्रँडचं नाव. नोंदणीचं नाव बहुतेक वेळा वेगळंच असतं. पाकीट उलटं करा, मागे उत्पादकाचं नाव आणि पत्ता छापलेला असतो. तिथे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असेल तर ते नाव केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या `www.mca.gov.in` या संकेतस्थळावर शोधा. कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं 100 रुपये भरून उघडता येतात.

त्यात आधी `PAS-3` बघा. नवे शेअर कोणाला, किती, काय भावाने दिले याचं ते विवरण. ठरावीक लोकांना खासगीत शेअर दिले की 15 दिवसांत ते भरावं लागतं. ते भरेपर्यंत आलेला पैसा कंपनीला वापरताच येत नाही, म्हणून हे विवरण भरायची घाई खुद्द कंपनीलाच असते. सोबतच्या यादीत शेअर घेणाऱ्यांची नावं असतात. तिथे टीव्हीवरचा चेहरा नावानिशी सापडेलच असं नाही. पुष्कळजण आपल्या एलएलपीतून, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेतून, किंवा घरच्या कंपनीतून पैसे घालतात. अनोळखी नाव दिसलं तर त्या एलएलपीचे भागीदार कोण आहेत तेही तिथेच शोधता येतं.

तारखेकडेही बघा. चित्रण आधी होतं आणि भाग काही महिन्यांनी दिसतो. शेअर प्रसारणाच्या आधीच दिलेले असू शकतात.

महिला शेतकरी गटाच्या सचिव, दारव्हा : म्हणजे आमची शेतकरी उत्पादक कंपनीही जाऊ शकते ना तिथे? आमचीही एमसीएवर नोंद आहे. तूरडाळीची मिल टाकली आहे, विक्रीही बरी आहे. अर्ज कसा करायचा ते सांगा.

कंपनी सचिव, अमरावती : ताई, इथला प्रश्न जरा वेगळा चालला आहे, पण तुमचंही उत्तर देते, कारण यात पुष्कळ गट फसतात. उत्पादक कंपनीचे शेअर फक्त उत्पादकांना किंवा उत्पादकांच्या संस्थेलाच देता येतात. मुंबईचा गुंतवणूकदार तूर पिकवत नाही, तेव्हा त्याला 5 टक्के द्यायचं तुम्ही स्टेजवर कबूल केलंत तरी कायद्याने ते देता येणार नाहीत. कर्ज घेता येईल, माल खरेदीचा करार करता येईल. काहीजण प्रक्रियेसाठी वेगळी खासगी कंपनी काढतात आणि तिच्यात उत्पादक कंपनीचा वाटा ठेवतात. त्यालाही मर्यादा आहेत, सभासदांची संमती लागते. आधी तुमच्या सीएंकडे बसा.

सचिव, दारव्हा : मग आमच्या सभासदांना हे कोणी सांगितलंच नाही. आम्ही तर दहा टक्के द्यायची तयारी केली होती. माझ्या मते हा नियम बदलायला हवा, पण ते नंतर.

संत्रा बागायतदार, वरूड : बदलू नका ताई. बाह्यरच्याले वाटा देला तं मालक कोन राह्यते?

वार्ताहर, मोर्शी : पाकिटावरून नाव सापडलं. `PAS-3` उघडलं. आधी कंपनीचे 9,200 शेअर होते. नवे 400 दिले आहेत, प्रत्येकी 5,000 रुपयांना, एका एलएलपीला. त्या एलएलपीत टीव्हीवरच्या दोघांपैकी एकाचं नाव भागीदार म्हणून आहे. दुसऱ्याचा कुठेच पत्ता नाही. आता याचा अर्थ काय लावायचा?

कंपनी सचिव, अमरावती : हिशोब करून बघू. 40 लाखांना 8 टक्के म्हणजे पैसे आल्यानंतर कंपनीची किंमत 5 कोटी. 9,200 शेअर जुन्या मालकांकडे आहेत, ते 92 टक्के राहायला हवेत. म्हणजे एकूण 10,000 आणि नवे 800. 40 लाख भागिले 800 म्हणजे 5,000 रुपये. टीव्हीवरचा भाव तंतोतंत जुळतो. फक्त 800 ऐवजी 400 दिले, म्हणजे 40 ऐवजी 20 लाख आले. दोघांपैकी एकाने पैसे घातले.

एक बारीक गोष्ट राहिली. त्या एकाचा हिस्सा आता 4 टक्के नाही. एकूण शेअर 9,600 झाले, त्यातले 400 म्हणजे 4.17 टक्के. दुसरा आला नाही तर पहिल्याचा टक्का थोडा वाढतो. बातमीत ‘8 टक्के’ लिहू नका, ‘4 टक्के’ही लिहू नका.

हे साधे शेअर आहेत की नंतर रूपांतर होणारे प्रेफरन्स शेअर, तेही फॉर्ममध्ये बघा. प्रेफरन्स असतील तर रूपांतराच्या अटीवर टक्का बदलू शकतो आणि आत्ताचा 4.17 हा शेवटचा आकडा नसेल.

वार्ताहर, मोर्शी : साधेच लिहिले आहेत. आणि 20 लाखांचं कर्ज?

कंपनी सचिव, अमरावती : ते `PAS-3` मध्ये येत नाही. तारण घेऊन दिलं असेल तर तारणाची नोंद वेगळी दिसते. विनातारण असेल तर ताळेबंदाची वाट बघावी लागते. तो `AOC-4` या फॉर्मसोबत वार्षिक सभेनंतर भरतात. तोवर कंपनीच्या तोंडी सांगण्याखेरीज आधार नाही.

निवृत्त मराठी शिक्षक, वर्धा : तरी माझं म्हणणं कायम आहे. दुसऱ्या माणसाने शब्द मोडला. ‘सौदा ठरला’ लिहिलं की त्याच्यावर कसलीच जबाबदारी राहत नाही. ‘करार’ लिहिलं तर वाचक विचारेल, मोडला कोणी?

कंपनी सचिव, अमरावती : तेच मला चुकीचं वाटतं, सर. त्याने मोडला हे आपल्याला माहीत नाही. मोर्शीच्या पोरांनीच त्याला नको म्हटलं असेल, तपासणीत काही अडलं असेल, किंवा दुसरे 400 शेअर पुढच्या महिन्यात निघतील. कागद इतकंच सांगतो की आजवर 20 लाख आले. कोणामुळे थांबलं हे कागद सांगत नाही.

विद्यार्थी, यवतमाळ : मग ‘कार्यक्रमात 40 लाखांना होकार, प्रत्यक्षात 20 लाख जमा’ असं लिहिलं तर?

वार्ताहर, मोर्शी : ‘जमा’ला आधार आहे, ‘होकार’लाही आहे. पण ‘प्रत्यक्षात’ म्हटलं की पोरांनी गावाला फसवलं असं वाचलं जाईल, आणि त्यांनी तर कुठेच 60 लाख आले असं म्हटलेलं नाही, ते ग्रुपवाल्यांनी म्हटलं. मी ‘40 लाखांचा सौदा ठरला, आतापर्यंत 20 लाखांचे शेअर दिले’ असं देतोय. कर्जाबद्दल कंपनीला फोन केला, त्यांचा निरोप अजून आलेला नाही.

संत्रा बागायतदार, वरूड : ‘आतापर्यंत’ बरोबर हाय. थोच शब्द खालच्या वळीत नका टाकू, मथळ्यातच ठेवा.