चॅटवरचा माणूस आणि पोह्यांसमोरचा माणूस : तुमचे अनुभव लिहा

दारव्ह्याची लेक
विवाह ॲपवर पुसदकडचं एक स्थळ जुळलं. डिसेंबरात बोलणं सुरू झालं आणि सात आठवडे रोज रात्री चाललं. तो एक-दीडपर्यंत लांबलांब मेसेज लिहायचा. मी धरून चालले, हा माणूस माझ्यासाठी जागतो. एकदा त्यानं लिहिलं, 'बायकोनं स्वतःच्या पायावर उभं राहावं.' त्या एका वाक्यावर मी तालुक्याच्या गावी भाड्याची खोली, माझी नोकरी, संध्याकाळी दोघांचा चहा एवढं सगळं उभं केलं.

जानेवारीअखेर मेसेज दोन ओळींवर आले. मग पाहुणे घरी आले. तो पोह्यांची प्लेट हातात धरून खाली पाहत बसला, चार वाक्यं बोलला असेल. आई म्हणाली, पोरगा साधा आहे. मी न्हाणीत जाऊन रडले.

नंतर सगळं चॅट वरपासून वाचलं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे त्याचे शब्द, उजवीकडे मी काढलेला अर्थ. जागण्याचं कारण त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: रातची लाइन आहे, हरभऱ्याला स्प्रिंकलर लावलंय. पाइप बदलायची वेळ होईपर्यंत धुऱ्यावर बसून राहायचं, म्हणून हातात फोन. हरभऱ्याला घाटे भरले, ओलित थांबलं, लांब मेसेजही थांबले. 'स्वतःच्या पायावर' म्हणजे घरी शिलाई मशीन, हे मी विचारलं तेव्हा कळलं. तो एकही शब्द खोटं बोलला नव्हता. उजवी बाजू पूर्ण माझी होती.

तुम्ही किती दिवसांत भेटलात? आधी काय विचारलंत?

एक आई, मूर्तिजापूर
बाई, पैसे तर नाही ना मागितले त्यानं? आमच्या भाचीला एकानं परदेशातून पार्सल अडकलं म्हणून लुटलं. असं काही झालं तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरला फोन लावा.

दारव्ह्याची लेक
नाही काकू, फसवणूक नाही. म्हणूनच जास्त लागलं. रागवायचं कोणावर?

मास्तरीण, अमरावती
मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. संवादाचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्ये नेमकं हेच मांडलं. लिहिणारा निवडून, खोडून, विचार करून लिहितो. वाचणाऱ्याला चेहरा, आवाज, घर दिसत नाही, मग तो रिकाम्या जागा आपल्या आवडीनं भरतो. वर तुम्ही कौतुकानं वागलात की समोरचाही तसाच होत जातो. त्यामुळे लिहिण्यातली जवळीक कधी कधी समोरासमोरच्यापेक्षाही गडद होते. हे तुमच्या एकटीचं भोळेपण नाही.

माझ्या भाचीला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिल्या आठवड्यातच फोनवर बोल आणि दोन-तीन आठवड्यांत भेट. आणि 'तुमचे विचार काय' असं विचारू नकोस, काल काय झालं ते विचार. काल घरात पाणी कोणी भरलं? पिकाचा पैसा आला तेव्हा तो कोणाच्या हातात गेला? विचार सगळ्यांचेच चांगले असतात, कालचा दिवस मात्र बनवता येत नाही.

काटोलकर
चॅटिंगच बंद करा. मध्यस्थ आणा, घर पाहा, वावर पाहा, विषय संपला. माझं तसंच झालं, बारा वर्षं झाली.

ब्रह्मपुरीची
भाऊ, घर पाहायचं हे बरोबर. पण आमच्या मध्यस्थानं 'ओलिताची पाच एकर' सांगितली होती. लग्नानंतर कळलं, धानाचं वावर निव्वळ पावसावर. माणसाच्या तोंडचं ऐकूनही मन रिकामी जागा भरतेच.

धुऱ्यावरून
मी दुसऱ्या बाजूचा. कास्तकार आहो, वय 31. एका पोरीनं भेटल्यावर मले म्हटलं, 'तुम्ही लिहिता तसे नाही आहात.' लय लागलं ते. मले लिहिता येते, चारचौघांत बोलता येत नाही. दोन्ही मीच आहो ना? तेव्हापासून पाचव्या दिवशीच सांगतो की पहिल्या भेटीत मी गप्प राहीन. वावरातून व्हिडिओ कॉल करतो, मागं कुडाची खोली दिसते ते दिसू देतो. दोन स्थळं तिथंच थांबली, पण सात आठवडे जीव लावून तुटण्यापेक्षा ते बरं. ताई, पाहुण्यांच्या बैठकीत बाप, मामा, दोन काके बसले असताना कोण मोकळा बोलते? त्या अर्ध्या तासावरूनही माणूस धरू नका.

मास्तरीण, अमरावती
हे मला सुचायला हवं होतं. तरी शिलाई मशीनचा प्रश्न राहतोच. तो लाजरेपणाचा नाही.

दारव्ह्याची लेक
हो, तो राहतोच. वहीची उजवी बाजू मी खोडली आहे. रविवारी त्याच्या गावी जाते, बहीण सोबत आहे. नोकरीचं त्याच्या आईसमोर विचारणार, आणि त्याला म्हटलंय, मला ते हरभऱ्याचं वावर दाखवा.