जत्रेच्या टँकरसाठी पंचायतीला पत्र दिलं, पुढे काय?

खालचीवाडी
आमच्या देवीची जत्रा महिन्यावर आली. मंडळातर्फे ग्रामपंचायतीला पत्र दिलं, "जत्रेनिमित्त भाविकांसाठी पाण्याचे टँकर, स्वच्छतागृहे व दिवाबत्तीची सोय करावी ही नम्र विनंती." सरपंच म्हणतात बघू. गेल्या वर्षीपण बघू. पाणी, सफाई, लाईट हे पंचायतीचंच काम आहे ना? घरपट्टी भरतो आपण. मग दरवर्षी हात का जोडायचे?

सड्यावरचा
"हात का जोडायचे" वाचलं आणि राहवलं नाही. मी पंचायतीत सदस्य होतो, असली पत्रं ढिगाने बघितलीत, मजकूर तोच आणि वरची तारीख तेवढी बदललेली. अशा एका ओळीवर मासिक सभेत ठराव करायचा तरी कसला? टँकर किती, भरायचा कुठे, रिकामा कशात करायचा, पाणी किती वाजेपर्यंत लागणार, काहीच नाही. सभेत "सोय करण्यात यावी" असं लिहून विषय संपतो आणि आदल्या दिवशी कोणीतरी ओळखीच्या टँकरवाल्याला फोन लावतो.

काम पंचायतीचं आहे हे खरंच. 1958 च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात कलम 45 आहे, ग्रामसूचीत पाणी, सफाई, दिवाबत्ती सगळं आहे. पण त्याच कलमात ग्रामनिधी परवडेल तेवढी वाजवी तरतूद करायची असंही आहे. निधी नाही म्हटलं की सुटले. म्हणून पत्रात आकडे हवेत, म्हणजे नाही म्हणताना त्यांना नेमकं कशाला नाही ते लिहून द्यावं लागतं.

आता पाण्याचंच बघा. समजा 5000 माणूस येतं. माणशी दोन लिटर प्यायला धरलं तर 10,000 लिटर झालं, महाप्रसादाचं आणि हात धुवायचं वेगळं. 10,000 लिटरचा मोठा टँकर मागवून मोकळे होता येत नाही, कारण देवळाकडे येणारी आपली वाट बैलगाडीची, ते वळण मोठ्या टँकरला बसत नाही. 5000 वाले दोन मागा. आणि टँकर उभा करून त्याच्या नळाला लोक लावायचे नाहीत, चिखल होतो आणि रांग थेट ओटी भरणाऱ्या बायकांच्या रांगेत घुसते. 2000 लिटरच्या टाक्या भाड्याने आणा, चौथऱ्यावर ठेवा, प्रत्येकीला चार नळ, आणि सकाळी लवकर भरून घ्या. दुपारनंतर दुकानं लागली की टँकर आत येऊच शकत नाही. पाणी संपतं नेमकं रात्री दशावतार रंगात आल्यावर, तेव्हा दुसरी फेरी मागितलीत तरी ती तिठ्यावरच अडकते. म्हणून टाक्या टँकरपेक्षा जास्त लागतात, ते पहिलं लिहा.

मुंबईकर_पण_गावचा
एवढं कशाला? वित्त आयोगाचे पैसे येतात की, पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतात. ते वापरा. आणि टँकर तहसीलदारांकडून सरकारी मागवा, टंचाईत देतात तसा. लोकांना माहिती नसते म्हणून पंचायत टोलवते.

सड्यावरचा
अर्धं बरोबर. त्यातला मोठा हिस्सा बंधित असतो, फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी, हे खरं. पण ते खर्चायला काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आधीपासून असावं लागतं, महिन्यावर जत्रा आल्यावर ते घुसवता येत नाही. आणि त्यातून एका दिवसाचा भाड्याचा टँकर बसतो का, यावर मी दोन अधिकाऱ्यांची दोन उत्तरं ऐकलीत. टंचाईचा टँकर तर विसराच. तो वाडीच्या लोकसंख्येवर मंजूर होतो, माणशी रोज 20 लिटर. जत्रेला आलेलं माणूस त्या हिशोबात कुठेच नसतं.

खाजेवाली
हिशोब निघालाच आहे तर आमचा पण ऐका. माझं खाज्याचं दुकान दरवर्षी असतं. एक पावती देवस्थानची, एक पंचायतीची, आणि गेल्या वेळी जमिनीचा मालक म्हणून तिसरा उभा राहिला. लाईटचे पैसे पण घेतले आणि लाईट म्हणजे खांबावरून लोंबणारी वायर, तीन दुकानांत मिळून एक होल्डर. पाणी मागायला गेलो तर म्हणे भाविकांसाठी आहे. आम्ही कोण मग? रात्रभर तेलाच्या कढईसमोर बसतो आम्ही.

तिठ्यावरून
पंचायतीची पावती बरोबर आहे, जत्रेवर आणि यात्रेकरूंवर कर बसवायचा अधिकार त्यांना आहे.

खाजेवाली
अधिकार आहे मग काम पण आहे ना? घेतलेल्या पावत्यांतून एक तरी शौचालय दिसलं का कोणाला? बायका रात्री शाळेच्या मागे काजूत जातात. मी स्वतः जाते, टॉर्च घेऊन, दुकान शेजारणीवर टाकून.

जुना मानकरी
देवस्थानाचा पैसो देवाच्या कामाक जाता, ताचो हिशोब गावकरांपुढे होता. उगाच बोट दाखवू नकात. आणि मुंबयसून चार दिवस येवन शिकवतत तेंनी आधी आपली वर्गणी येळेर देवची.

मुंबईकर_पण_गावचा
वर्गणीचा विषय इथे कुठून आला? दरवर्षी देतो, मंडळाच्या मुंबईतल्या मीटिंगला सगळ्यांसमोर देतो. रोषणाईचा अख्खा खर्च आमचा असतो. ती कमान, ते रंगीत दिवे, कोणी लावले?

जुना मानकरी
कमानीर दिवे आणि घाटयेर काळोख. माझी बायको गेल्या साली घाटयेवर पडली, पाय मोडलो तो अजून सरळ नाय. तुमची कमान घेवन काय करू?

मुंबईकर_पण_गावचा
ते वाईट झालं काका, मला माहीत नव्हतं. पण तो दोष कमानीचा नाही, घाटीवर दिवे लावा असं मंडळाला कोणी सांगितलंच नाही.

सड्यावरचा
मानकऱ्यांचा मुद्दा मात्र खरा. पत्रात "दिवाबत्ती" लिहिलं की देवळाची रोषणाई असाच अर्थ घेतात. घाटीच्या पायऱ्या, गाड्या लावतात तो मळा, पाण्याच्या टाक्या, शौचालयं, अशी चार ठिकाणं नावानिशी लिहा, खांब मोजा. घाटीवर नारळाचं पाणी सांडून पायऱ्या निसरड्या होतात. 2005 ला मांढरदेवला चेंगराचेंगरीत जवळजवळ तीनशे माणसं गेली, तिथेही पायऱ्यांवर नारळाचं पाणी सांडलेलं होतं. दुकानांची वीज खांबावर आकडा टाकून द्यायची नाही, मंडळाच्या किंवा पंचायतीच्या नावाने महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज करा आणि मुख्य स्विचपाशी ईएलसीबी बसवून घ्या, करंट गळला की तो वीज तोडतो. घाटीचे दिवे जनरेटरवर, दशावताराच्या साऊंडपासून वेगळे.

आरोग्य_उपकेंद्र
सगळे टँकर किती यावर भांडताय, टँकर भरला कुठून ते कोणीच विचारत नाही. मी या तालुक्यात पाण्याचे नमुने घेते. एका गावात जत्रेनंतर तिसऱ्या दिवसापासून जुलाब सुरू झाले, आधी पोरं, मग प्रसादाच्या पंगतीत वाढणारे. टँकर चिऱ्याच्या खाणीतल्या डबक्यातून भरलेला होता. विहिरी खाली गेलेल्या, खाण भरलेली, टँकरवाल्याला जवळ पडली.

टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, टाकली होती असं सगळे शपथेवर सांगत होते, आणि टाकलीही असेल. पण त्या लाल गढूळ पाण्यात क्लोरीन चिखलातच संपतं, जंतूंसाठी उरत नाही. 1000 लिटरला 5 ग्रॅम हे प्रमाण स्वच्छ पाण्यासाठी आणि ताज्या पावडरीसाठी आहे, म्हणजे 5000 च्या टँकरला 25 ग्रॅम. आपल्या दमट हवेत पिशवी एकदा उघडली की पावडर उतरते, वास येत राहतो आणि जोर गेलेला असतो. पावडर थेट टँकरमध्ये टाकू नका, बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ ओता. अर्धा तास थांबा, मग टाकीच्या शेवटच्या नळाचं पाणी घेऊन ओटी टेस्ट करा, त्यात क्लोरीन उरलंय का ते कळतं. पिवळी छटा आली तर पाणी सोडा. काहीच रंग आला नाही तर परत टाका, परत अर्धा तास. जलसुरक्षकाला जत्रेच्या रात्री ड्युटी लावावी असं पत्रात लिहा, नाहीतर तो पण दशावतार बघत असतो.

तिठ्यावरून
मग खणीतलं पाणी बंदच करा. शौचालयाला खड्डे मारू, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

आरोग्य_उपकेंद्र
खड्डे कुठे मारणार? देवळाच्या वरच्या अंगाला? खाली वाडीची विहीर आहे. जांभा वरून घट्ट दिसतो पण आत भोकं आणि चिरा असतात, वर सोडलेलं खाली यायला वेळ लागत नाही. 15 मीटरचं अंतर पुस्तकात ठीक, जांभ्याच्या उतारावर मी त्यावर भरवसा ठेवत नाही. खड्डा मारायचाच तर विहिरीच्या खालच्या अंगाला.

सड्यावरचा
आणि सड्यावर पहार दोन फूट जात नाही. त्यापेक्षा शाळेची शौचालयं रात्रभर उघडी ठेवायची परवानगी मुख्याध्यापकांकडून आत्ताच लेखी घ्या, बाहेर एक टाकी आणि एक दिवा. फिरती शौचालयं मागवलीत तर मैला उपसायची गाडी कोण आणणार आणि तो कुठे रिकामा होणार हे आधी ठरवा. मी व्हाळात सोडलेला बघितलाय.

खाजेवाली
शाळेची चावी बाईमाणसाकडे द्या. आणि बायकांची बाजू वेगळी.

खालचीवाडी
पत्र बदलून देतो. पण तारीखच कौलावर ठरते, ठरेपर्यंत पंचायत म्हणते तारीख आणा. आंगणेवाडीचीही अशीच उशिरा ठरते, तिथे तर अख्खं प्रशासन हलतं.

सड्यावरचा
आंगणेवाडीशी बरोबरी करू नका, तिथली गर्दी वेगळी. तारीख रिकामी ठेवा, "देवीच्या कौलानंतर कळवू" लिहा, पण मागणी मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर आत्ता घ्यायला लावा. दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या. आणि हे पण लिहा की टाक्यांचं भाडं देवस्थान देईल, टँकर आणि जलसुरक्षक पंचायतीने द्यावा. नुसतं मागणाऱ्यापेक्षा वाटून घेणाऱ्याला नाही म्हणणं सभेत जड जातं.

जुना मानकरी
टाक्यांचा भाडा देवस्थान देय असा कोणी ठरवला? गावकरांची बैठक झाली नाय.

खाजेवाली
तीन पावत्यांतली एक द्या त्याला. किंवा आमच्याकडून एकच घ्या आणि त्यावर पाणी, लाईट, शौचालय असं लिहून द्या, मी जास्त द्यायला पण तयार आहे.

जुना मानकरी
बैठकीत मांडतंय. घाटयेचे दिवे पयले, मगे बाकीचा बघू.

मुंबईकर_पण_गावचा
घाटीचे दिवे आम्ही देतो. कमान या वर्षी लहान करू. जनरेटरच्या डिझेलचं मात्र पंचायतीकडून लिहून घ्या, गेल्या वेळी पहाटे संपलं होतं.