मदत हवी आहे: साइज चार्टमध्ये ३८ की ४०?

नागपूरहून कॉटन कुर्तीचं लिस्टिंग टाकायचं आहे. प्रकाशित करण्याआधी शीर्षक, बुलेट, फोटो, चार्ट शेजारी ठेवून वाचलं, तर एम साइजची छाती जुळत नाही. बुलेटमध्ये 'कुर्तीची छाती 38 इंच', चार्टमध्ये नुसतं 38, आणि टेप लावलेल्या फोटोत सपाट कुर्ती काखेखाली 20 इंच, म्हणजे घेर 40. तीन नग पुन्हा मोजले, तिन्ही 40 च. म्हणजे 38 हे अंगाचं माप, 2 इंच सैलपणा, बुलेटच चुकलं. ते दुरुस्त करते. शीर्षक ठीक आहे, फोटो बदलता येणार नाही. चार्टमध्ये मात्र एकच रकाना मिळतो. त्यात अंगाचं माप ठेवून कपड्याचं बुलेटमध्ये द्यावं, की उलट? परतावे कशाने कमी येतात?