छोट्या कारखान्याचा ऑर्ग चार्ट: दोन मालक, रेघांचा गुंता आणि लहानमोठ्या चौकटी

मीनल_ऑफिस
नमस्कार मंडळी. भोसरीला आमचं मशीन शॉप आहे, मालक धरून २१ माणसं. पुढच्या महिन्यात एका ग्राहक कंपनीचं ऑडिट आहे, त्यांनी ऑर्ग चार्ट मागितलाय आणि काम माझ्या गळ्यात पडलंय. मालक दोघे, सख्खे भाऊ. मोठे साहेब बँक, खरेदी, पगार बघतात. धाकटे साहेब शॉपवर असतात. खाली प्रॉडक्शन सुपरवायझर, क्वालिटीचे दोघे, खरेदी आणि स्टोअर मिळून एक, अकाउंट्सला मी, डिस्पॅचला एक आणि त्याच्या हाताखाली ड्रायव्हर, मेंटेनन्सचा एक, ८ ऑपरेटर, ३ हेल्पर.
एक्सेलमध्ये काढला तर नाव लांब असेल ती चौकट फुगते, आणि एक चौकट हलवली की तिची रेघ जागच्या जागी राहते. कुठे आणि कसा काढू?

गणपुले_नाशिक
एवढं काय त्यात? पॉवरपॉइंटमध्ये स्मार्टआर्ट घ्या, त्यात हायरार्की निवडा, नावं टाका. पाच मिनिटांचं काम. चौकटी आपोआप सारख्या येतात. फक्त मालकांची चौकट मोठी आणि गडद करा, शोभून दिसते.

रानवाट
आमच्याकडे कच्चा माल गेटवर आला की इनवर्ड, मग तपासणी, मग स्टोअर असा चार्ट भिंतीवर लावलाय. चौकोनांच्या जोडीला निर्णयासाठी शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट वापरतात. फोटो टाकू का?

मीनल_ऑफिस
@रानवाट, तो कामाच्या क्रमाचा चार्ट झाला. मला कोण कोणाला रिपोर्ट करतं ते दाखवायचंय. पण फोटो टाका, तोही लागेलच कधीतरी.

कुलकर्णी_क्यूए
पाहुणा म्हणून बरीच ऑडिटं बघितली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चित्र नंतर, आधी रेघा ठरवा. प्रत्येक माणसासाठी एकच प्रश्न: याची रजा कोण मंजूर करतो? उत्तर येईल त्याच्याकडे सलग रेघ, आणि प्रत्येक चौकटीतून वर जाणारी सलग रेघ एकच. स्टोअरवाला रोज सुपरवायझरच्या सांगण्यावरून माल देत असेल, पण रजा मोठ्या साहेबांकडे मागत असेल, तर सलग रेघ मोठ्या साहेबांकडे जाईल. सुपरवायझरकडे फार तर तुटक रेघ.

दोन भावांच्या चौकटी शेजारी शेजारी काढून, मधल्या सामाईक रेघेतून सगळे विभाग लोंबकळवू नका. त्यातून कोण कोणाचं हे कळत नाही, आणि ऑडिटर पहिलं बोट तिथेच ठेवतो. विभाग वाटून टाका. धाकट्यांकडे प्रॉडक्शन आणि डिस्पॅच. मोठ्यांकडे खरेदी-स्टोअर, अकाउंट्स आणि क्वालिटीसुद्धा. क्वालिटी मुद्दाम म्हणतोय. महिनाअखेरीला माल काढायची घाई धाकट्या साहेबांना असणार. माल अडवायचा अधिकार असलेला माणूस त्यांच्याच हाताखाली असला तर तो अडवेल का?

आयएसओ ९००१:२०१५ च्या कलम ५.३ मध्ये ऑर्ग चार्ट काढाच असं कुठेही लिहिलेलं नाही. जबाबदारी आणि अधिकार ठरवलेले असावेत आणि लोकांना ते माहीत असावेत, एवढंच आहे. त्यामुळे चार्ट दाखवून झाला की ऑडिटर शॉपवर जाऊन एखाद्या ऑपरेटरला विचारतो, "तुम्ही कोणाला रिपोर्ट करता?" तिथे वेगळं नाव आलं की चार्ट कितीही सुबक असो, उपयोग नाही.

मीनल_ऑफिस
रजेचा प्रश्न फारच कामाचा आहे. लगेच सगळ्यांना विचारलं. मेंटेनन्सवाला म्हणाला, "जे साहेब समोर दिसतील त्यांना विचारतो." आता त्याला कुठे टांगू?

कुलकर्णी_क्यूए
हा चार्टचा नाही, कारखान्याचा प्रश्न आहे. दोघा साहेबांना एकत्र बसवून ठरवून घ्या. तुमच्या आकाराच्या शॉपमध्ये तो बहुधा सुपरवायझरच्या हाताखाली जातो.

तिरकी_रेघ
मी ड्राफ्ट्समन आहे, चौकटींचं मी सांगतो. गणपुले, स्मार्टआर्टमध्ये चौकटी सारख्या राहतात हे खरं, पण एका चौकटीत लांब मजकूर आला की तो बसवायला सगळ्याच चौकटींची अक्षरं बारीक होतात. शिवाय तुटक रेघ आणि डोक्यावर दोन मालक ही दोन्ही कामं त्यात नीट होत नाहीत.

पॉवरपॉइंटच ठेवा, पण चौकटी साध्या शेप्सच्या घ्या. स्लाइडच्या मापात नुसतं ए४ निवडलंत तर रुंदी २७.५१ सेंटिमीटरच मिळते, म्हणून स्वतः २९.७ बाय २१ लिहा. दोन्ही बाजूंना १ सेंटिमीटर सोडला की उरले २७७ मिलिमीटर. तुमच्या मधल्या ओळीत पाच चौकटी आहेत: क्वालिटी, खरेदी व स्टोअर, अकाउंट्स, प्रॉडक्शन, डिस्पॅच. ४४ मिलिमीटरच्या पाच म्हणजे २२०, मधल्या चार फटी १२ च्या म्हणजे ४८. एकूण २६८, बसलं. उंची १६ ठेवा. आधी सगळ्यात लांब मजकुराची चौकट करा. मजकूर दोन ओळींत मोडून १० पॉइंटमध्ये मावला की तीच चौकट कॉपी करत जा. मजकुराप्रमाणे शेप मोठा होण्याचा आणि अक्षर आक्रसण्याचा, दोन्ही पर्याय बंद ठेवा. देवनागरीत उंची जरा सढळ हाताने द्यावी, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार काठाला चिकटतात.

रेघेसाठी साधी लाइन नको, काटकोनात वळणारा एल्बो कनेक्टर घ्या. टोक चौकटीच्या मधल्या ठिपक्यावर नेऊन सोडा, ठिपका हिरवा दिसला म्हणजे चिकटलं. खात्री करायची तर मालकांची चौकट ओढून बघा. रेघ मागे आली पाहिजे. सरळ रेघेत बारीकशी पायरी दिसली तर वरची आणि खालची चौकट केसभर इकडेतिकडे आहे, तेव्हा दोन्ही निवडून अलाइन करा.

मीनल_ऑफिस
बाकी जमलं. सुपरवायझरच्या खाली ऑपरेटर, हेल्पर, मेंटेनन्स अशा तीन चौकटी आडव्या मावत नाहीत, म्हणून एकाखाली एक लावल्या. पण रेघ एकीतून दुसरीत जातेय.

तिरकी_रेघ
ती तशी ठेवली तर हेल्पर ऑपरेटरला रिपोर्ट करतो असा अर्थ होतो. प्रत्येक रेघ सुपरवायझरच्या डाव्या बाजूच्या ठिपक्यापासून त्या त्या चौकटीच्या डाव्या ठिपक्यापर्यंत न्या. तिन्ही रेघा डावीकडच्या १२ मिलिमीटरच्या फटीत एकमेकींवर बसतील आणि एकच खांब दिसेल. ड्रायव्हर एकटाच आहे, तो डिस्पॅचच्या सरळ खाली. आणि ऑपरेटरच्या आठ चौकटी नकोत, एका चौकटीत "सीएनसी ऑपरेटर – ८" पुरे.

गणपुले_नाशिक
बरं, स्मार्टआर्ट सोडलं. पण मालकांची चौकट मोठी असायलाच हवी. मान असतो की नाही?

तिरकी_रेघ
ते सगळ्यात वर आहेत ना, झालं की. आकार वेगळा दिसला की वाचणारा त्याचा अर्थ शोधत बसतो.

पतसंस्था_सांगली
आमच्याकडे चार्ट लावल्यावर भांडण झालं. शाखाधिकारी आणि नवीन लागलेली लिपिक एकाच ओळीत आले, कारण दोघेही थेट व्यवस्थापकांना रिपोर्ट करतात. शाखाधिकारी म्हणाले, "ही माझ्या बरोबरीची का?" शेवटी लिपिकेची चौकट एक पायरी खाली सरकवली आणि रेघ लांबवली.

कुलकर्णी_क्यूए
तसं करतात लोक. मला स्वतःला पटत नाही, कारण मग मधली रिकामी पायरी कोणाची असं कोणीतरी विचारतंच. तळाशी "ओळ म्हणजे पदाची श्रेणी नव्हे" अशी टीप टाकणारेही आहेत.

पतसंस्था_सांगली
टीप कोण वाचतं हो! भिंतीवर चित्रच दिसतं.

मीनल_ऑफिस
आमच्याकडेही हे होणार. मी आणि सुपरवायझर एकाच ओळीत आहोत, आणि ते इथे १४ वर्षं आहेत. बघू. चौकटीत माणसांची नावं टाकायची की फक्त पदं?

कुलकर्णी_क्यूए
पदं. माणूस सोडून गेला की चार्ट बदलावा लागतो आणि तेच नेमकं राहून जातं. नावांची यादी वेगळ्या कागदावर ठेवा. चार्टच्या कोपऱ्यात आवृत्ती क्रमांक, तारीख आणि मंजूर करणाऱ्याची सही.

मीनल_ऑफिस
सही कोणाची, दोघांपैकी?