‘सूट’, ‘सवलत’ की ‘मोफत’? दिवाळी सेलच्या मेलचा विषय

उटणेवाली: आमचं उटणं, पणत्या आणि आकाशकंदिलांचं छोटं दुकान आहे, पुण्यात. गेल्या दिवाळीत १८०० गिऱ्हाइकांना मेल पाठवला. विषय होता, ‘दिवाळी धमाका!!! ५०% सूट!!! त्वरा करा!!!’ बऱ्याच जणींनी नंतर सांगितलं की तो स्पॅममध्ये सापडला. यंदा ‘सूट’ काढून ‘सवलत’ लिहू का? सण तर वाटला पाहिजे.

जुना_कारकून: ‘सूट’, ‘मोफत’, ‘ऑफर’ हे शब्द गाळणीत अडकतात, ते काढा. मी ‘मो.फ.त’ असं टिंबं देऊन लिहितो, पकडलं जात नाही.

टपालखातं: टिंबं देऊ नका. ती लपवाछपवी स्पॅमवाल्यांचीच, त्याने संशय वाढतो. एका शब्दाने मेल अडकण्याचे दिवस बरेच मागे पडले. मेल कुठून आला आणि लोक त्याचं काय करतात, याला जास्त वजन असतं. उटणेवाली, मेल कुठल्या पत्त्यावरून गेला होता?

उटणेवाली: दुकानाच्या जीमेलवरून. म्हणजे पाठवला एका मेल पाठवणाऱ्या सेवेतून, पण नाव-पत्ता जीमेलचा.

टपालखातं: मग आधी तेच बदला. जीमेलचा पत्ता लावून दुसरीकडून पाठवणं म्हणजे दुसऱ्याच्या लेटरहेडवर पत्र लिहिणं. जीमेलच्या नियमांतही ते करू नका असं सांगितलंय. दुकानाचं स्वतःचं डोमेन घ्या, त्या सेवेत जोडा. मग स्वतःलाच एक मेल पाठवा, तो संगणकावर जीमेलमध्ये उघडा, तीन टिंबांच्या मेनूतून `Show original` दाबा. वर अशा तीन ओळी दिसल्या पाहिजेत, मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आला असं त्या सांगतात:

```
SPF: PASS
DKIM: PASS
DMARC: PASS
```

यातली एकही `FAIL` असेल तर विषय कितीही गोड लिहा, भरवसा नाही.

शब्दवेडी: आता शब्दांकडे या. ‘सूट’ आणि ‘सवलत’ एक नाहीत. सूट किमतीत मिळते, सरळ पैसे कमी होतात. सवलत बहुधा कुणाला तरी मिळते: ज्येष्ठांना, विद्यार्थ्यांना, जुन्या गिऱ्हाइकांना. सगळ्यांना २०% कमी असेल तर ‘सूट’च लिहा. फक्त गेल्या वर्षी घेतलेल्यांना असेल तर ‘सवलत’ शोभते. ‘फुकट’ मात्र नको. ‘फुकट गेलं’ची सावली त्यावर आहे. एका कंदिलावर दोन पणत्या देणार असाल तर ‘भेट’ म्हणा.

न्यूजर्सीकर: मी इथून आईसाठी फराळ मागवतो. मेल येतो तो लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी! विषयात शेवटची तारीख लिहा हो, ‘त्वरा करा’ने मला काही कळत नाही.

टपालखातं: हे फार खरं आहे. उटणेवाली, सगळ्या ५०% वर नव्हत्या ना वस्तू?

उटणेवाली: नाही. जुन्या पणत्याच फक्त.

टपालखातं: तिथे माणूस चिडतो आणि ‘स्पॅम’चं बटण दाबतो. तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवा, असं जीमेल सांगतं, आणि खरं तर ०.१ च्या खाली. १८०० मेलांत ०.३ टक्के म्हणजे जेमतेम पाच माणसं. म्हणून विषयात जे आहे तेच आत असू द्या. दोन वर्षांत ज्यांनी एकही मेल उघडला नाही त्यांना वगळा, आणि मेलमध्येच ‘मेल नकोत’ची सोपी लिंक द्या, म्हणजे नकोसा झालेला माणूस स्पॅमऐवजी ते दाबेल.

फोंडेकर: व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो तीच दिवाळीची शुभेच्छा विषयात लिहिली तर चालेल? आमच्याकडे तर नरकासुराची रात्र आधी, मग दिवाळी.

शब्दवेडी: शुभेच्छा वेगळी, विक्री वेगळी, विषयात शुभेच्छा देऊन आत दर लावणं मला पटत नाही. पण तुमचं दुसरं वाक्य कामाचं आहे. सण दिवसाच्या नावात असतो. ‘धमाका’ बाराही महिने चालतो, ‘वसुबारस’ एकदाच येते. मी असं लिहीन: ‘आकाशकंदिलांवर २०% सूट, वसुबारसेपर्यंत’. फोनवर ओळ शेवटी तुटते, म्हणून वस्तू आणि आकडा आधी.

जुना_कारकून: वसुबारस आजच्या पोरांना कळते का? ‘धनत्रयोदशी’ घ्या.

शब्दवेडी: कळत नसेल तर कळू दे. शिवाय धनत्रयोदशीपर्यंत थांबलं तर कंदील लावणार कधी?

जुना_कारकून: माझ्या सुनेला विचारलं, तिला ती तारीखच माहीत नाही. गिऱ्हाईक गेलं ना मग!

टपालखातं: आतल्या पहिल्या ओळीत तारीख द्या. विषयाच्या शेजारी तिचा थोडा भाग दिसतो. पणतीचं एखादं चित्र लावलं तरी चालेल, तीन-तीन उद्गारचिन्हं मात्र नकोत.

उटणेवाली: डोमेन घेतलं. तिन्ही `PASS` दिसले. उटण्यासाठी वेगळा मेल करतेय: ‘पहिल्या आंघोळीचं उटणं, ३ पुड्यांवर १ भेट’. शब्दवेडी, ‘अभ्यंगस्नानाचं’ लिहू की ‘पहिल्या आंघोळीचं’?

शब्दवेडी: ‘पहिली आंघोळ’. आई पहाटे हाक मारते ती त्याच शब्दांनी.

जुना_कारकून: दुकानाच्या पाटीवर मात्र ‘अभ्यंगस्नान’च हवं.