A113 : कथेतला दुवा की वर्गमित्रांची खूण?

निशिगंधा : पिक्सारच्या चित्रपटांत A113 ही अक्षरे पुन्हा पुन्हा दिसतात : ‘टॉय स्टोरी’मध्ये अँडीच्या आईच्या गाडीच्या पाटीवर, ‘फाइंडिंग नेमो’मध्ये पाणबुड्याच्या कॅमेऱ्यावर. ‘ब्रेव्ह’मधल्या चेटकिणीच्या घरात तर ‘मॉन्स्टर्स, इंक.’मधल्या सली या राक्षसाचे लाकडी कोरीवकामही आहे. अशा खुणांवरून हे सगळे चित्रपट एकाच विश्वात घडतात असे मानणे योग्य आहे का?

चित्रवेडा : माझ्या मते अगदी योग्य आहे. संगणकीय ॲनिमेशनमध्ये काहीच आपोआप येत नाही. चौकटीत दिसणारी प्रत्येक वस्तू कोणीतरी मुद्दाम घडवून ठेवलेली असते. २०१३ मध्ये गाजलेल्या ‘पिक्सार थिअरी’नुसार ती चेटकीण म्हणजे ‘मॉन्स्टर्स, इंक.’मधली लहानगी बू मोठी झालेली. झोपडीचे दार एकदा लावून पुन्हा उघडताच आतल्या कोरीव वस्तूंच्या जागी मंत्रतंत्राची खोली दिसते आणि बूला दारांचे रहस्य लहानपणीच उमगलेले होते, हा मेळ केवळ योगायोगाने बसला असेल हे मला पटत नाही. शिवाय A113 ही पिक्सारची स्वतःची मुद्राच आहे.

अरविंद स. : वस्तू मुद्दाम ठेवलेली असते हे खरे, परंतु ती कथेसाठीच ठेवलेली असते हे त्यावरून सिद्ध होत नाही. A113 हा कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समधल्या एका वर्गखोलीचा क्रमांक असून पिक्सारच्या चित्रपटांचे दिग्दर्शक जॉन लॅसेटर, ब्रॅड बर्ड आणि त्यांच्या पिढीचे कितीतरी जण ॲनिमेशन शिकले ते त्याच संस्थेत. बर्ड यांनी ही खूण १९८७ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ मालिकेतल्या ‘फॅमिली डॉग’ या भागात वापरली, म्हणजे ‘टॉय स्टोरी’च्या आठ वर्षे आधी. पुढे ‘द सिम्पसन्स’मध्ये क्रस्टी या विदूषकाच्या तुरुंगातल्या छायाचित्रावर आणि डिस्नेच्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’मधल्या ट्रामवरही ती आली. ही खूण जर विश्व जोडत असेल, तर क्रस्टी आणि नेमो यांनाही एकाच विश्वात बसवावे लागेल. ती एका वर्गातल्या माणसांनी एकमेकांना दाखवलेली ओळख आहे, आणि म्हणूनच ती स्टुडिओच्या सीमा सहज ओलांडते.

अर्थ लावण्यापूर्वी मी एक साधी कसोटी लावतो : ती वस्तू बदलली तर प्रसंग बदलतो का? चेटकिणीचे दुकान अस्वलांच्या कोरीव कामांनी गच्च भरलेले आहे, त्यामुळे सलीसारखा केसाळ, धिप्पाड प्राणी लपवायला त्याहून सोयीची जागा नव्हती. त्याच्या जागी आणखी एक अस्वल ठेवले तर ‘ब्रेव्ह’ची नायिका मेरिडा हिच्या कथेत काहीही फरक पडत नाही. त्याच घरात A113 रोमन पद्धतीने ACXIII असा कोरलेला आहे. मध्ययुगीन स्कॉटलंडमध्ये शोभावे म्हणून घेतलेली ही काळजी मला फार मोलाची वाटते.

रेवतीची आई : आमच्या मुलीला या खुणा शोधण्याचे वेड लागले आहे. मोबाइलवर तिला गाडीची पाटी वाचता येत नाही. यासाठी मोठा दूरदर्शन संच घ्यावा काय, असे विचारायचे होते.

अरविंद स. : पडद्यापेक्षा प्रतीचा दर्जा महत्त्वाचा आहे. प्रत फार दाबलेली असेल तर बारीक अक्षरे आधीच पुसट झालेली असतात आणि मग डोळा हवे ते वाचतो. ‘द लायन किंग’मध्ये सिंबा आडवा होताच उडालेल्या धुळीत काहींनी SEX वाचले, तर ती धूळ काढणाऱ्या इफेक्ट्स विभागाची SFX ही सही असल्याचे ॲनिमेटरांच्या बाजूने सांगितले गेले. त्यामुळे चित्र थांबवून मागच्यापुढच्या काही चौकटी तिला पाहू द्या; पाटीवरची खूण प्रत्येक चौकटीत तशीच राहते, धुळीतला आकार मात्र लगेच विरतो.

चित्रवेडा : वर्गखोलीची हकीकत मान्य, पण तुमची कसोटी मला मान्य नाही. ‘वॉल-ई’मध्ये A113 कोपऱ्यात लपलेला नाही, पृथ्वीवर परतू नका हा जो आदेश यानाच्या स्वयंचालकाने माणसांपासून दडवला, त्याचेच ते नाव आहे आणि सगळा संघर्ष त्यावर उभा आहे. ज्याला वर्गखोली ठाऊक नाही त्या प्रेक्षकाने ‘टॉय स्टोरी’तली पाटी आणि हा आदेश यांचा संबंध जोडला, तर त्याने चूक काय केली?

अरविंद स. : आदेशाला A114 म्हटले असते तरी स्वयंचालक तसाच वागला असता. कथा आदेशावर उभी आहे, क्रमांकावर नाही.

निशिगंधा : ‘मॉन्स्टर्स, इंक.’ २००१ चा आणि ‘फाइंडिंग नेमो’ २००३ चा. तरी बू सलीला जी खेळणी देते त्यांत नेमोही आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो फक्त एक मासा होता, दोन वर्षांनी त्याला नाव मिळाले. वस्तू न बदलता तिचा अर्थ बदलला, तो अरविंद यांच्या कसोटीत कुठे बसवायचा?

चित्रवेडा : माझाही प्रश्न हाच आहे. आणि त्या कसोटीने सलीचे कोरीवकाम बाद होत असेल, तर नेमोचे खेळणेही बाद करावे लागेल.