अनुभव धागा: परदेशातल्या गणपतीत स्वागताचं बोलणं, समोर आजी-आजोबा आणि तिथंच जन्मलेली नातवंडं

पोस्टमन_मँचेस्टर

यंदा चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला. आमच्याकडचा एकत्र गणपती त्याच आठवड्यात शनिवारी, शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन. स्वागताचं बोलणं या वेळी माझ्या गळ्यात पडलंय. पुढच्या खुर्च्यांवर सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आजी-आजोबा, कडेला जमिनीवर बसलेली मुलं (बहुतेक सगळी इथंच जन्मलेली) आणि मागं उभे आपण, एक डोळा जेवणाच्या टेबलाकडे.

जुना कागद हातात आलाय. सुरुवात 'उपस्थित मान्यवर आणि रसिक मायबाप' अशी, पुढे 'आज गणेश चतुर्थीच्या मंगल दिनी', आणि प्रत्येक मराठी वाक्यामागं त्याचंच इंग्रजी. मोठ्यानं वाचून पाहिला, नऊ मिनिटं लागली. तुमच्याकडे काय चालतं, काय पडतं, अनुभव सांगा.

टिळकभक्त_दुबई

भाषा शुद्ध मराठीच ठेवा. कानावर पडलं की मुलं आपोआप शिकतात, भाषांतर करत बसू नका. आणि १८९३ साली लोकमान्यांनी उत्सवाला सार्वजनिक रूप का दिलं हे स्वागतातच यायला हवं. नाहीतर मुलांना तो नुसता मोदकांचा सण वाटतो.

माईकवाला_न्यू_जर्सी

भाषांतर नको, हे टिळकभक्त यांचं म्हणणं बरोबर आहे. कारण मात्र वेगळं.

एकेक वाक्य दोनदा बोललं की मुलं मराठी वाक्याला कान बंद करतात, कारण त्याचं इंग्रजी येणारच असतं. आजी इंग्रजी वाक्याच्या वेळी शेजारणीशी बोलायला लागते. दोघंही अर्धा वेळ गैरहजर, आणि एकूण वेळ दुप्पट. म्हणून मजकूर वाटून टाका. काही गोष्टी फक्त मराठीत, काही फक्त मुलांच्या भाषेत, आणि एकच गोष्ट दोनदा अजिबात नाही.

'कानावर पडलं की शिकतात' हे मात्र अर्धंच खरं. तिथं वाढलेल्या मुलाच्या कानावर रोज पडतं ते घरातलं मराठी: ये, बस, चपला घाल, आजीला पाणी दे. ते त्याला पक्कं कळतं. 'दीपप्रज्वलनासाठी व्यासपीठावर आमंत्रित करतो' हे त्याच्या कानाला परकंच. तेव्हा सोपं बोला, पण मराठीतच. आजींनाही ते जास्त आवडतं, कारण घरी त्या तसंच बोलतात.

वेळ तीन मिनिटं. माईकवर सावकाश मराठी बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे कागदावर तीनशे. शाळेचा हॉल म्हणजे बहुतेक वेळा व्यायामशाळा, आवाज भिंतीवर आपटून परत येतो. श्रवणयंत्र लावलेल्यांना त्या घुमण्याचा फार त्रास होतो. वाक्यं लहान ठेवा आणि मध्ये थांबा. पहिल्या दोन मिनिटांत पुढच्या रांगेतल्या माना एकमेकांकडे वळल्या, तर ऐकू जात नाहीये असं समजा. आवाज वाढवू नका, वेग कमी करा.

१८९३ चा इतिहास स्वागतात नको. त्याला दहा मिनिटांचा वेगळा कार्यक्रम द्या, चित्रं दाखवून.

पोस्टमन_मँचेस्टर

'मजकूर वाटून टाका' म्हणजे नेमकं कसं? नमुना दाखवाल का?

माईकवाला_न्यू_जर्सी

तुमचाच शनिवार धरून लिहितो. आधी 'आज गणेश चतुर्थीच्या' हे काढून टाका. चतुर्थी होऊन पाच दिवस झालेत, हे पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना माहीत असतं. उलट त्याचाच उपयोग करून घ्या.

«नमस्कार. आजी-आजोबा, पहिला नमस्कार तुम्हाला. (थांबा. त्यांचे हात जोडून होऊ द्या.)

मुलांनो, हात वर करा बघू. कुणाच्या घरचा गणपती मंगळवारी गेला? (मोजा, मोठ्यानं.) आणि कुणाच्या घरी अजून आहे? (मोजा.) तो घरी सोमवारी आला. सोमवारी तुम्हाला शाळा होती, आई-बाबांना ऑफिस. आज सगळ्यांना सुट्टी, म्हणून आज त्याला इथं बोलावलंय.

आज इथं कुणाचे आजी-आजोबा आलेत? बोट दाखवा. आणि ज्यांचे तिकडं आहेत, त्यांनी आज इथल्या कुठल्याही आजींना आजी म्हणायचं. त्या रागावणार नाहीत, मी विचारून ठेवलंय.»

इथपर्यंत फक्त मराठी. मुलांना सगळं कळतं, कारण प्रत्येक वाक्याला हातानं करायचं काहीतरी आहे. आणि शेवटचं वाक्य खरं असू द्या, आधी खरोखरच विचारून ठेवा.

मग चार वाक्यं मुलांच्या भाषेत, आणि तीही कामाची: टाळ कुठल्या खोक्यात आहेत, आरतीला कुणी कुठं उभं राहायचं, प्रसादाची वाटी आधी खुर्च्यांकडे न्यायची. आजींना हे कळलं नाही तरी बिघडत नाही. वाटी समोर आली की कळतंच.

प्रायोजक, समिती, आभार हे सगळं शेवटी. स्वागतात एक नाव घेतलं की दुसरं राहतं, आणि राहिलेलं नाव पुढच्या गणपतीपर्यंत पुरतं.

चिंगीची_आई_टोरंटो

आमच्याकडे दारातच मोठा फलक असतो, रांगोळी आणि 'सुस्वागतम्'. गेल्या खेपेला मुलांकडूनच लिहून घेतला, 'सु' उलटा आला तरी तसाच ठेवला. शिवाय छातीवर नावाचे स्टिकर, आजी-आजोबांसाठी देवनागरीत, नावाखाली गाव. दोन आज्या सांगलीच्या निघाल्या आणि मग कार्यक्रमभर कुणाला सापडल्या नाहीत.

पोस्टमन_मँचेस्टर

ताई, मी फलकाचं नाही, माईकवरून बोलण्याचं विचारत होतो. पण स्टिकरवरचं गाव ढापतोय. 'सांगलीचं कोण आलंय?' हे माईकवरून विचारता येईल.

कोल्हापुरी_म्युनिक

इथं सगळे 'मुलांची भाषा' म्हणजे इंग्रजी धरून चाललेत. आमच्याकडे मुलांची भाषा जर्मन. मराठी-इंग्रजी स्वागत चालू असतं, तेव्हा पहिली-दुसरीतली पोरं शून्यात बघत असतात, कारण इंग्रजी त्यांना अजून नीट येत नाही. आजींना तर दोन्हीकडून तोटाच. इंग्रजी फक्त आयोजकांच्या सोयीचं.

आता ती चार वाक्यं एक मुलगी जर्मनमध्ये म्हणते. वाक्यं तिचीच असतात, आम्ही फक्त काय सांगायचं ते देतो. मराठी भाग तिची आजी म्हणते, माईक एकच, तो हातातून हातात जातो. तालमीत आजी माईक हनुवटीखाली धरायच्या, मग नातीनंच त्यांचा हात धरून तो तोंडापाशी आणला. कार्यक्रमातही तिनं तेच केलं आणि पुढची रांग खूश झाली.

एक अडचण उरते. नातीला मराठी वाचता येत नाही. तिला मराठीतलं एखादं वाक्य द्यायचं, तर रोमन लिपीत लिहून द्यावं का? आमच्याकडे यावर दोन तट आहेत.

टिळकभक्त_दुबई

रोमन अजिबात नको. मग मराठी शाळा कशाला चालवायच्या?

माईकवाला_न्यू_जर्सी

रोमनमध्ये त आणि ट, द आणि ड यांतला फरक कागदावर दिसत नाही, आणि नेमका तिथंच त्यांचा उच्चार घसरतो. मी कागदच देत नाही. आजीकडून व्हिडिओ कॉलवर तोंडी पाठ करून घेतो, दोन वाक्यांपेक्षा जास्त नाही. ज्या मुलाला कागदाशिवाय धीर होत नाही, त्याचं काय करायचं ते मलाही सुटलेलं नाही.

आजोबा_सध्या_सिडनीत

मी मुलाकडे आलो आहे. तुम्ही सगळे आमच्याविषयी बोलताय म्हणून आमचं म्हणणं मांडतो.

'ज्येष्ठांनी कृपया उभं राहावं' आणि मग टाळ्या, हे बंद करा. माझ्या शेजारच्या गृहस्थांचे गुडघे बदललेले. ते उठेपर्यंत टाळ्या संपल्या, आणि मग बसायला आधार शोधत होते. गौरव करायचा तर काम द्या. अथर्वशीर्ष म्हणायला मला मुलांमध्ये बसवलं, त्यातली तीन पोरं आता मला रस्त्यात ओळखतात.

दुसरं. आग लागली तर कुठल्या दारानं बाहेर पडायचं ही सूचना दर वेळी फक्त इंग्रजीत होते. ती ज्यांना सगळ्यात आधी समजायला हवी, त्या आमच्या रांगेतल्या निम्म्या बायकांना ती कळत नाही. ती मराठीत सांगा, हातानं दार दाखवून. स्वच्छतागृह कुठं आहे तेही त्याच दमात.

तिसरं. हॉलमध्ये ज्योत लावायला परवानगी नव्हती, म्हणून बॅटरीचं निरांजन होतं. आमच्या हिनं त्या दिव्यावरून हात फिरवून डोळ्यांना लावले, मग तळवे उलटसुलट करून बघितले. एका वाक्यात आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नियम आहे म्हटल्यावर आम्ही ऐकतो.

माईकवाला_न्यू_जर्सी

काका, दाराचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्याकडेही ते इंग्रजीतच होतं. यंदा मराठीत सांगू.

सासर_अॅमस्टरडॅम

माझं थोडं वेगळं. नवरा डच, मराठी येत नाही. स्वागतात दर वेळी कुणीतरी 'आपली संस्कृती आपल्या मुलांनी विसरू नये' म्हणतं, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या मुलांकडे वळतात. माझा मुलगा आरती पूर्ण म्हणतो, डच उच्चारात का होईना. तिथं आलेल्या मुलांना विसरू नका म्हणून काय उपयोग? विसरणारी घरीच असतात.

गेल्या वेळच्या निवेदिकेनं एवढंच म्हटलं, 'ज्यांना मराठी येतं त्यांचं स्वागत, ज्यांना थोडं येतं त्यांचं स्वागत, आणि जे फक्त जेवायला आलेत त्यांचंही.' नवऱ्यानं शेवटचं वाक्य हावभावावरून ओळखलं आणि हात वर केला.

कोल्हापुरी_म्युनिक

हे वाक्य आम्ही घेतो.

आणखी एक विचारायचं होतं. दर वर्षी उन्हाळ्यात लेकीकडे येणाऱ्या एक आजी या वर्षी गेल्या, तिकडं कोल्हापुरात. इथल्या अर्ध्या मुलांना त्यांनी मोदकाच्या पाऱ्या करायला शिकवल्या होत्या. स्वागतात त्यांचं नाव घ्यावं का? लेक समोर बसलेली असेल.

चिंगीची_आई_टोरंटो

घ्याच. नाही घेतलं तर तिला वाटेल, सगळे विसरले.

आजोबा_सध्या_सिडनीत

स्वागतात नको. आरतीआधी मन जड होतं, आणि आमच्या रांगेत प्रत्येकजण आपापला हिशोब करायला लागतो. जेवताना मोदक वाढताना नाव घ्या.

माईकवाला_न्यू_जर्सी

आधी लेकीला विचारा. माझ्या माहितीतल्या एकीनं 'नको, मी उभी राहू शकणार नाही' म्हटलं, दुसरीनं स्वतःच दोन वाक्यं लिहून दिली. सगळीकडे चालेल असा नियम मला दिसत नाही.

पोस्टमन_मँचेस्टर

नवा कागद झाला, तीनशे दहा शब्द. मान्यवर गेले, मायबाप गेले. हात वर करणं आहे, सांगली आहे, दार आणि बॅटरीचं निरांजन मराठीत आहे. काल आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाकी ठीक, पण जेवण किती वाजता ते कुठंच सांगितलं नाहीस. ते मराठीत घालू की दोन्हीत?

सासर_अॅमस्टरडॅम

ते एक दोन्हीत घाला.